साडेसातशे वॉटचा एसएमपीएस किती वीज खातो?

डेस्कटॉप जुळवून घेताना सगळ्यात जास्त गोंधळ एसएमपीएसवर होतो. ग्राफिक्स कार्ड कोणतं हवं हे गिऱ्हाईक घरून ठरवून आलेलं असतं, प्रोसेसरवर मित्रांशी वाद घालून झालेला असतो, आणि एसएमपीएसपाशी आलं की दुकानदार म्हणतो, "हजारचा टाका, टेन्शन नको." मागे उभे असलेले वडील लगेच विचारतात, "हजार वॉट? म्हणजे रोज बिल किती येणार?" या दोन वाक्यांत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एसएमपीएस केवढा घ्यायचा हे यंत्राच्या सगळ्यात वाईट क्षणावरून ठरतं, आणि तो क्षण सेकंदाच्या अगदी छोट्या अंशाचा असतो. बिल ठरतं ते वर्षभराच्या सरासरीवरून. डब्यावर लिहिलेले ७५० किंवा १००० वॉट म्हणजे तो एसएमपीएस आतल्या भागांना जास्तीत जास्त किती शक्ती सलग पुरवू शकतो याची मर्यादा. आतल्या भागांनी शंभर वॉट मागितले तर हजारचा एसएमपीएसही शंभरच देतो, आणि भिंतीतून थोडे जास्त ओढतो.

एक ठरावीक यंत्र घेऊन दोन्ही हिशोब करू. समजा सांगलीतला एक तरुण घरूनच लग्नाचे व्हिडिओ संपादित करतो आणि रात्री दीड तास गेम खेळतो. त्याने रायझन ९ ९९००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ५०७० ग्राफिक्स कार्ड, रॅमच्या दोन पट्ट्या, दोन एनव्हीएमई एसएसडी, जुनं फुटेज ठेवायला एक मोठी हार्ड डिस्क आणि पाण्याने थंड होणारा कूलर असा संच ठरवला आहे.

प्रोसेसरपासून सुरुवात करू, कारण पहिली फसगत इथेच होते. ९९००एक्सच्या माहितीपत्रकात १२० वॉट लिहिलेलं असतं. तो आकडा मुळात उष्णतेच्या हिशोबाचा आहे. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर प्रोसेसरला प्रत्यक्षात त्याच्या १.३५ पट, म्हणजे १६२ वॉट घ्यायची मुभा असते, आणि व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना तो ती वापरतो. इंटेलमध्ये हा फरक आणखी मोठा. कोअर आय७-१४७००केवर १२५ वॉट लिहिलेलं असलं, तरी त्याची कमाल मर्यादा २५३ वॉट आहे. म्हणून माहितीपत्रकातला मोठा आकडा शोधायचा आणि तोच धरायचा. मदरबोर्डच्या बायोसमध्ये मर्यादा उठवणारं एखादं सेटिंग चालू असेल, तर तोही आकडा कमी पडतो.

ग्राफिक्स कार्डाचा आकडा त्या मानाने सरळ असतो. आरटीएक्स ५०७० साठी एनव्हिडिया २५० वॉट सांगते. मदरबोर्ड, रॅम आणि प्रोसेसरला वीज पोचवताना मदरबोर्डवर होणारी गळती यांना मिळून ५० वॉट धरू. एसएसडी आणि हार्ड डिस्कला २०, पंखे आणि कूलरच्या पंपाला २०. बेरीज होते ५०२. सोयीसाठी ५०० म्हणू.

ही बेरीज सगळं एकाच वेळी पूर्ण ताकदीने चाललं तर होणारी आहे, आणि रोजच्या वापरात तसं क्वचितच घडतं. गेममध्ये ग्राफिक्स कार्ड पूर्ण दमाने चालतं, पण प्रोसेसर बहुतेक वेळा शंभराच्या खालीच राहतो. एक्स्पोर्टमध्ये प्रोसेसर तापतो, तेव्हा कार्डाला उसंत असते. गेम खेळताना आतला एकूण भार ४०० वॉटच्या आसपास राहील. मग ५५० वॉटचा एसएमपीएस पुरेल का? सरासरीला पुरेल. अडचण क्षणिक उसळ्यांची आहे.

आधुनिक ग्राफिक्स कार्ड २५० वॉट घेतं म्हणजे सरासरी २५० घेतं. काही मायक्रोसेकंद किंवा मिलिसेकंद ते त्याच्या दुप्पटही मागू शकतं. विहिरीवरची मोटर चालू होताना घरातले दिवे क्षणभर मंदावतात, त्याच जातीचा हा प्रकार, फक्त तो खेळाच्या ऐन भरात सेकंदाला अनेकदा घडतो. २०२० साली आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आली, तेव्हा कागदावर पुरेसे असलेले चांगले एसएमपीएसही बंद पडू लागले. त्यांच्यातली संरक्षक यंत्रणा त्या उसळीला शॉर्टसर्किटसारखा धोका समजून सगळंच तोडून टाकत होती. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकाने हे नियमात बसवलं. नव्या कार्डांसाठीची १६ पिनांची जोडणी असलेल्या आणि ४५० वॉटपेक्षा मोठ्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट मागणी १०० मायक्रोसेकंद आणि १२० टक्के मागणी १०० मिलिसेकंद निभावून नेली पाहिजे, असं ते मानक सांगतं.

आपल्या यंत्रात ५०० वॉटचा पूर्ण भार आणि त्यावर कार्डाची आणखी २५० ची उसळी धरली तर ७५० होतात. एटीएक्स ३.० किंवा ३.१ चा ६५० वॉटचा एसएमपीएस ते सहज झेलेल, आणि एनव्हिडियाही ५०७० साठी ६५० च सुचवते. तरी मी ७५० घेईन, आणि त्याची कारणं साधी आहेत. पूर्ण भार दोन तृतीयांशावर राहतो, त्यामुळे पंखा आवाज करत नाही. मे महिन्यात खोलीतच ३८ अंश असताना आतले कपॅसिटर कमी तापतात. आणि दोन वर्षांनी ३०० वॉटचं कार्ड घालावंसं वाटलं, तर एसएमपीएस बदलावा लागत नाही. हजारचा घेण्याचं मात्र या यंत्रात काही कारण नाही. ते पैसे जास्त मोठ्या एसएसडीवर घालावेत.

याच बेरजेत आरटीएक्स ५०८० घातलं तर ३६० वॉटमुळे आकडा ६१० च्या वर जातो आणि ८५० घ्यावा लागतो. ५०९० एकटंच ५७५ वॉटचं आहे. तिथे हजार ही सुरुवात असते.

आता डब्यावरच्या आकड्याच्या खरेपणाबद्दल. एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट असे रकाने असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही आपली जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात, त्यामुळे तोच रकाना वाचायचा. प्रामाणिक ७५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ६२ अँपियरच्या आसपास आकडा असतो. १२ ने गुणलं की जवळजवळ ७५० येतात. कॅबिनेटबरोबर फुकटात येणाऱ्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपियर दिसले, तर कामाचे वॉट २१६ च आहेत. बाकीचे कोणी न मागणाऱ्या रकान्यांत वाटून आकडा फुगवलेला आहे. तक्ताच नसेल तर त्या वस्तूला हात लावू नये.

एसएमपीएस कमी पडतोय हे ओळखायचं कसं? त्याची खूण म्हणजे यंत्र कोणतीही सूचना न देता एकदम काळं होणं. निळा पडदा येत नाही, आवाज अडखळत नाही, दिवा विझावा तसं सगळं जातं. कित्येकदा मागचं बटण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय यंत्र जागंच होत नाही, कारण संरक्षक यंत्रणा अडकून बसलेली असते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मग Kernel-Power, Event ID 41 अशी नोंद सापडते. ती वाचून पुष्कळ जण एसएमपीएसला दोषी ठरवून मोकळे होतात. पण यंत्र नीट बंद न होता थांबलं एवढंच ती नोंद सांगते. घरातली लाइट गेली तरी तीच नोंद येते. खात्री करायला एक फुकट चाचणी आहे. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणायची आणि तोच गेम तेवढाच वेळ खेळायचा. बंद पडणं थांबलं तर संशय एसएमपीएसवर किंवा केबलवर पक्का होतो. कार्ड किती वीज घेतंय हे दर सेकंदाला पाहायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ही ओळ चालते:

```
nvidia-smi --query-gpu=power.draw --format=csv -l 1
```

यात वर सांगितलेल्या उसळ्या दिसणार नाहीत. त्या पकडायला ऑसिलोस्कोप लागतो. सरासरी मात्र नीट कळते, आणि बिलाच्या हिशोबाला तीच हवी आहे.

केबलबद्दल दोनच गोष्टी. नव्या कार्डांची १६ पिनांची जोडणी पूर्ण आत बसली नाही, तर मोजक्या पिनांवर भार येऊन प्लास्टिक वितळतं. आरटीएक्स ४०९० च्या बाबतीत २०२२ मध्ये हे गाजलं होतं. दुसरं असं, की मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल एका कंपनीच्या दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावायच्या नाहीत. खाच तीच दिसते, पिना जुळतात, पण आतली जुळणी वेगळी असते आणि हार्ड डिस्क क्षणात जळते.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार आपल्याकडे फार ऐकू येते. लोक एसएमपीएस बदलतात आणि मुंग्या तशाच राहतात. एसएमपीएसच्या आत वीज गाळणारे छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात, आणि त्यातून झिरपणारा सूक्ष्म प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत जावा अशी रचना असते. सॉकेटमधलं तिसरं भोक नुसतं शोभेचं असेल, तर तो प्रवाह तुमच्या हातातून वाट शोधतो. बदलायचा असतो तो सॉकेट, आणि त्यासाठी वायरमनला बोलवावं लागतं.

वीज जाण्याचा प्रश्न असेल तर यूपीएसचाही हिशोब इथेच करावा. सहाशे व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. गेम खेळताना भिंतीतून ४४० वॉट ओढणारं यंत्र त्यावर लाइट असेपर्यंत छान चालतं, आणि लाइट गेल्याबरोबर यूपीएस चीं करून हात वर करतो. या यंत्राला मॉनिटरसकट ६०० वॉट देणारा यूपीएस हवा. व्हीए न पाहता वॉट पाहून घ्यावा.

आता बिल. इथे वॉट भिंतीपाशी मोजायचे असतात, कारण मीटर तिथला आहे. एसएमपीएस दिशा बदलत राहणाऱ्या विजेचं एकाच दिशेच्या विजेत रूपांतर करताना काही भाग उष्णतेत घालवतो. आत ४०० वॉट लागत असतील आणि कार्यक्षमता ९० टक्के असेल, तर मीटरला ४४४ दिसतात. वीज मोजणारा स्मार्ट प्लग मधे लावला तर हे सगळं एका आठवड्यात कळतं. तो नसेल तर अंदाज असा.

टाइमलाइनवर कापाकापी करताना यंत्राचा भार खालीवर होत राहतो. मॉनिटरच्या ३५ वॉटसकट सरासरी २०० वॉट धरू. असं काम दिवसाला सहा तास झालं तर १.२ युनिट. एक्स्पोर्ट दीड तास, ४०० वॉट, म्हणजे ०.६ युनिट. गेम दीड तास, मॉनिटरसकट ४८० वॉट, म्हणजे ०.७२. जेवण, चहा, फोन यांत यंत्र नुसतं चालू राहिलेलं दोन तास, ८० वॉट, म्हणजे ०.१६. उरलेले तेरा तास यंत्र स्लीपमध्ये, तीनेक वॉट, म्हणजे ०.०४. दिवसाचे २.७२ युनिट. वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले तर ८१६ युनिट, महिन्याला सरासरी ६८.

या युनिटांना कोणत्या दराने गुणायचं, यात बहुतेकांचा हिशोब चुकतो. लोक बिलाची रक्कम युनिटांनी भागतात आणि तो सरासरी दर वापरतात. पण महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, आणि घरातला फ्रिज, पंखे, दिवे आधीपासून होतेच. संगणक नंतर आला, तेव्हा त्याचे युनिट सगळ्यात वर रचले जातात आणि सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर त्यांना लागतो. २०२४-२५ च्या दरपत्रकात १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्याला वीज आकार १०.२९ रुपये आणि वहन आकार १.१७ रुपये होता. त्यावर १६ टक्के वीज शुल्क चढवलं की युनिट १३ रुपये ३० पैशांना पडतं. पहिल्या शंभर युनिटांना हाच हिशोब ६ रुपये ८० पैशांवर येतो. दर बदलत राहतात आणि इंधन समायोजन आकारही कमीजास्त होतो, म्हणून तुमच्या ताज्या बिलावरचे आकडे घ्या. रीत हीच राहील.

समजा सांगलीच्या या घरात आधी महिन्याला १७० युनिट लागत होते. सरासरीने पाहिलं तर युनिट साडेनऊ रुपयांच्या आसपास पडतं आणि संगणकाचा वर्षाचा खर्च पावणेआठ हजार दिसतो. खरा खर्च ८१६ गुणिले १३.३०, म्हणजे सुमारे १०,८५० रुपये. आणि मे महिन्यात कूलर, एसी चालून घरचे युनिट २७० वर गेले असतील, तर संगणकाचे ६८ युनिट ३०० ची रेषा ओलांडतात. पहिले ३० जुन्याच दराने पडतात, उरलेले ३८ पुढच्या टप्प्यात जातात आणि तिथे त्याच दरपत्रकाप्रमाणे युनिट १८ रुपयांच्या वर होतं. त्या एका महिन्यात संगणकाचे ९०० ऐवजी जवळजवळ ११०० रुपये होतात.

आता गोल्ड आणि ब्राँझचा वाद या आकड्यांवर तपासून पाहता येतो. ८० प्लस या प्रमाणपत्रात निम्म्या भाराला ब्राँझची किमान कार्यक्षमता ८५ टक्के आणि गोल्डची ९० टक्के असावी लागते. हे ११५ व्होल्टवरचे आकडे आहेत. आपल्या २३० व्होल्टवर दोघंही थोडे वरच्या अंगाला राहतात. वरच्या ८१६ युनिटांतून मॉनिटरचे ९५ काढले, तर यंत्राचे ७२० उरतात, आणि गोल्डमध्ये त्यातले ६५० प्रत्यक्ष आतल्या भागांपर्यंत पोचतात. ब्राँझने तेवढेच पोचवायला ७६५ लागले असते. फरक ४५ युनिट, वर्षाला ६०० रुपये. गोल्ड दोन हजारांनी महाग असेल तर साडेतीन वर्षांत पैसे फिटतात. एसएमपीएस सात-आठ वर्षं टिकतो, तेव्हा इतक्या तासांच्या वापराला गोल्ड घ्यावा. फक्त शनिवार-रविवार गेम खेळणाऱ्याला तो केवळ बिलासाठी परवडणार नाही. त्याने दर्जेदार ब्राँझ घेतला तरी चालेल. टायटॅनियमचा विचार मी तरी घरच्या यंत्रासाठी करणार नाही.

आणि याहून मोठी रक्कम कुठे आहे पाहा. वरच्या हिशोबात तेरा तास यंत्र स्लीपमध्ये होतं. पुष्कळ संपादक रात्री एक्स्पोर्ट लावतात आणि झोपतात. एक्स्पोर्ट दीड तासात संपतो आणि यंत्र सकाळपर्यंत ८० वॉटवर नुसतं बसून राहतं. ते तेरा तास असं रिकामं चालू ठेवलं, तर दिवसाला एक युनिट जास्त, वर्षाला ३००. म्हणजे चार हजार रुपये, गोल्डने वाचवलेल्या रकमेच्या सहा-सात पट. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये वीस मिनिटांनी स्लीप लावायला पैसे पडत नाहीत. एक्स्पोर्ट चालू असताना यंत्र झोपतं का, हे मात्र एकदा छोट्या फाइलवर तपासून घ्यावं, नाहीतर गिऱ्हाईकाचा व्हिडिओ अर्ध्यावर लटकायचा.

घरून धंदा करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. महावितरणच्या दरपत्रकात राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याला घरगुती दर मिळतो, पण त्याला अट आहे. महिन्याचा वापर ३०० युनिटांपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा एकूण वापर ३६०० युनिटांपर्यंत असावा लागतो. आपल्या या घराचे वर्षाला २०४० आणि संगणकाचे ८१६ मिळून २८५६ होतात, म्हणजे वर्षाच्या मर्यादेत ७४४ युनिटांची जागा उरते. रात्रभर रिकामं चाललेलं यंत्र त्यातली ३०० खाऊन टाकतं, आणि उन्हाळ्यातला एसी महिन्याची रेषा आधीच ओलांडायला लावतो. दुसरं एडिटिंग मशीन आणायचा विचार असेल, तर मागचे बारा महिने बिलावरून काढून ही बेरीज त्याच्या आधी करावी.